चवड्यातले बारीक फ्रॅक्चर आणि मॅरेथॉनची घाई

पावलाच्या मधल्या भागात, घोट्याकडच्या छोट्या हाडांपासून बोटांच्या मुळापर्यंत, पाच लांब आणि सडपातळ हाडे असतात. त्यांना मेटाटार्सल म्हणतात. नव्याने मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्या धावपटूच्या पावलात ताणामुळे बारीक तडा जातो तेव्हा तो बहुतेक वेळा यांपैकी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडाला गेलेला असतो. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. पडणे, मुरगळणे किंवा मार लागणे अशी कोणतीही घटना त्यामागे नसते. एकेका पावलाचा भार हाड सहज पेलू शकते, पण तोच भार हजारो वेळा आला आणि मध्ये सावरायला वेळ मिळाला नाही, तर हाड हार खाते.

हे दुखणे धावपटूंच्या आधी सैनिकांमध्ये ओळखले गेले. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केल्यानंतर सैनिकांची पावले सुजतात आणि दुखतात अशी नोंद केली. तेव्हा क्ष-किरण माहीत नव्हते, त्यामुळे कारण हाडात आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. क्ष-किरणांच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, या सुजलेल्या पावलांमधल्या मेटाटार्सल हाडांना तडे गेलेले दिसले. त्यावरून ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव रूढ झाले आणि ते अजूनही वापरले जाते. तेव्हाही त्रास मुख्यतः नव्याने भरती झालेल्यांना होत असे, आजही तो मुख्यतः नव्याने धावू लागलेल्यांना होतो. याचे कारण हाडाच्या स्वतःच्या वेळापत्रकात आहे.

हाड ही जिवंत ऊती आहे आणि वाढलेल्या भाराला ते स्वतःची फेरबांधणी करून उत्तर देते. या फेरबांधणीत आधी ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी थकलेला, सूक्ष्म तडे गेलेला भाग विरघळवून काढतात. हे काम साधारण दोन ते तीन आठवड्यांत होते. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या पोकळीत नवे हाड भरतात, पण ते पूर्ण भरून टणक व्हायला सुमारे तीन महिने लागतात. रस्त्याची डागडुजी करताना आधी खड्डा खणला जातो आणि डांबर नंतर पडते, पण वाहतूक मात्र चालूच असते, तसाच हा प्रकार आहे. सराव वाढवल्यानंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास हाड आधीपेक्षाही कमजोर असते आणि नेमके तेव्हाच धावणाऱ्याला आपला दम वाढल्याचा आनंद होत असतो. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडाला महिने लागतात. या दोन गतींमधल्या दरीत फ्रॅक्चर घडते.

दुसऱ्याच मेटाटार्सलवर हा प्रसंग जास्त का येतो, याचे उत्तर पावलाच्या रचनेत आहे. हे हाड इतरांपेक्षा सहसा लांब असते आणि त्याचे मागचे टोक तीन छोट्या हाडांच्या खाचेत घट्ट बसलेले असते. अंगठ्याचे मेटाटार्सल जाड असते आणि थोडे हलू शकते, बाहेरची दोन हाडेही बरीच हलतात. दुसरे मात्र सडपातळ असून जागचे हलत नाही. चवड्यावर जोर देऊन पाऊल उचलले जाते त्या क्षणी ते वाकण्याचा ताण सहन करते. बोटे खाली दाबणारे पोटरीतले आणि तळव्यातले स्नायू ताजे असतात तोवर ते हा ताण बराच कमी करतात. शेवटच्या किलोमीटरांत स्नायू थकले की तो ताण हाडावर सरकतो. म्हणून धोका एकूण अंतराइतकाच थकलेल्या अवस्थेत धावलेल्या अंतराचाही असतो, आणि नवख्याच्या लांब पल्ल्याच्या रविवारी हे थकलेले अंतर सगळ्यात जास्त असते.

आकड्यांत पाहिले तर कल्पना स्पष्ट होते. साडेसात मिनिटांत एक किलोमीटर धावणारी व्यक्ती मिनिटाला सुमारे १६५ पावले टाकते. म्हणजे किलोमीटरला साधारण १,२४० पावले, प्रत्येक पायाला ६२०. वीस किलोमीटरच्या एका सकाळी एकेका पायावर बारा हजारांहून अधिक वेळा भार येतो आणि प्रत्येक वेळी तो शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो.

हे सगळे एका नमुन्यावरून नीट समजते. ठाण्यात राहणारी छत्तीस वर्षांची एक बँक कर्मचारी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवते असे समजू. ही शर्यत २००४ मध्ये सुरू झाली आणि सहसा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते. त्यामुळे मुंबई-पुण्याकडच्या अनेक नवख्यांचा खरा सराव पावसाळा ओसरत असताना सुरू होतो आणि हातात जेमतेम चार महिने उरतात. ही बाई आधी आठवड्यात तीन दिवस पाच-पाच किलोमीटर धावत होती, म्हणजे एकूण पंधरा. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती एका गटात सामील झाली आणि तिचा आठवडा क्रमाने बावीस, तीस आणि अडतीस किलोमीटरचा झाला. रविवारची धाव पाचवरून बारा, मग सोळा आणि मग एकवीसवर गेली. त्यातच तिने तळ पातळ असलेले हलके बूट घेतले. नवरात्रात नऊ दिवस एकवेळ फराळ करूनही तिने धावणे सोडले नाही.

यातली कोणतीही एक गोष्ट बहुधा निभावली असती. पण चार आठवड्यांत अंतर अडीच पट झाले, त्याच काळात बुटाचा आधार कमी झाला आणि शरीराला मिळणारी ऊर्जाही घटली. हाडाच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी एकाच जागी येऊन साचल्या.

पहिली खूण सौम्य असते आणि म्हणूनच ती निसटते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला दहाव्या किलोमीटरनंतर पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोथट दुखू लागले. धावणे थांबताच ते थांबले. पुढच्या वेळी तेच दुखणे सहाव्या किलोमीटरला आले, मग तिसऱ्याला. नंतर धाव संपल्यावर तासभर राहू लागले आणि शेवटी जिना उतरतानाही जाणवू लागले. हा क्रम निदानाला फार उपयोगी आहे. स्नायूचे किंवा स्नायुबंधाचे दुखणे सहसा धाव सुरू करताना जास्त असते आणि अंग तापल्यावर कमी होते. हाडाचे दुखणे उलट वागते. ते धावता धावता वाढते आणि दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर येते. प्रकार पुढे गेला की रात्री अंथरुणावरही ठणका लागतो.

दुसरी खूण बोटाने शोधता येते. पावलाच्या वरच्या बाजूने, चवड्यापासून घोट्याकडे, एकेक लांब हाड बोटाच्या टोकाने दाबत गेले की स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये नाण्याएवढी एकच जागा नेमकी कळ मारते आणि शेजारच्या हाडावर तसे काहीच होत नाही. तिथे कधीकधी हलकी सूज असते. सूज सकाळी नसते आणि संध्याकाळी बुटाची लेस घट्ट वाटू लागते. दुखरी जागा हाडावर न येता दोन हाडांमधल्या खाचेत असेल आणि बोटांत जळजळ किंवा बधिरपणा असेल, तर मज्जातंतू दाबला गेल्याची शक्यता जास्त. सकाळी अंथरुणातून उतरल्यावर टाचेखाली पहिल्या काही पावलांत दुखणे हे तळव्याच्या जाड पडद्याचे, प्लांटर फॅसियाचे दुखणे. लेस फार घट्ट बांधल्यामुळे वरचे स्नायुबंध चोळले गेले, तर दुखणे एका बिंदूवर न राहता पट्ट्यासारखे पसरते आणि लेस सैल केल्यावर उतरते. दुखऱ्या पायावर लंगडीसारख्या उड्या मारून पाहण्याची चाचणी घरी करू नये. हाडात बारीक चीर असेल तर ती वाढवायला तेवढे पुरेसे ठरते.

या बाईने दोन आठवडे मलम चोळत आणि वेदनाशामक गोळ्या घेत धावणे चालू ठेवले. त्या दोन आठवड्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केले. तडा जाण्याआधी हाडाची एक अवस्था असते, तिला स्ट्रेस रिअॅक्शन म्हणतात. आत सूज आलेली असते, पण चीर अजून पडलेली नसते. त्या अवस्थेत धावणे थांबवले तर अनेकदा तीन-चार आठवड्यांत सुटका होते. गोळीने दुखणे दबले की हाडाने दिलेली सूचना ऐकू येत नाही आणि ही संधी हातची जाते. शिवाय आयबुप्रोफेनसारख्या सूजरोधक गोळ्यांमुळे हाड भरून येण्याचा वेग मंदावू शकतो अशी शंका आहे, म्हणून निदान झाल्यावरही त्या टाळून गरजेपुरते पॅरासिटामॉल घेण्याकडे बहुतेक डॉक्टरांचा कल असतो.

क्ष-किरणाची फसगत इथे समजून घ्यायला हवी. दुखणे सुरू झाल्यावर पहिले दोन ते तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. तडा केसाहून बारीक असतो. एक्स-रेमध्ये दिसते ती हाडाभोवती तयार होणाऱ्या नव्या हाडाची पांढुरकी फुगवटी, म्हणजे कॅलस, आणि ती यायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातला ‘नॉर्मल’ एक्स-रे पाहून पुन्हा धावायला गेलेल्यांची उदाहरणे अस्थिरोगतज्ज्ञांना नेहमी भेटतात. लक्षणे जुळत असतील तर एक्स-रे स्वच्छ असला तरी फ्रॅक्चर आहे असे धरून धावणे थांबवणे आणि दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढणे हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे. एमआरआयमध्ये हाडातली सूज अगदी सुरुवातीलाच दिसते. खर्च झेपत असेल, किंवा दुखणे धोक्याच्या जागी असेल, तर एमआरआयला पर्याय नाही.

धोक्याच्या जागा कोणत्या, हे धावणाऱ्यालाही माहीत असले पाहिजे, कारण विश्रांतीचा काळ त्यावर ठरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मेटाटार्सलच्या दांड्याला रक्तपुरवठा चांगला असतो आणि तिथला तडा सहसा शस्त्रक्रियेशिवाय नीट भरतो. पण घोट्यासमोर, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर दुखत असेल तर ते नॅव्हिक्युलर हाड असू शकते. त्याच्या मधल्या भागाला रक्त कमी पोहोचते. तिथे सहा ते आठ आठवडे पायावर अजिबात भार न देता, कुबड्या घेऊन, प्लास्टर किंवा बुटात पाय ठेवावा लागतो आणि निष्काळजीपणा झाला तर हाड न जुळण्याची भीती असते. करंगळीच्या मेटाटार्सलचा मागचा भाग, म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेचा मधला उंचवटा आणि त्याच्या लगतची जागा, हीसुद्धा अशीच हट्टी आहे आणि तिथे कधीकधी स्क्रू बसवावा लागतो. अंगठ्याखालची दोन वाटाण्याएवढी हाडे आणि दुसऱ्या मेटाटार्सलचे अगदी मागचे टोक हेही याच गटात येतात. यांपैकी कुठेही दुखरा बिंदू सापडला तर घरगुती उपाय करत बसू नये, तपासणी त्याच आठवड्यात व्हावी.

नमुन्यातल्या बाईचा तडा दुसऱ्या मेटाटार्सलच्या दांड्याला होता. ऑक्टोबरच्या शेवटी तो निश्चित झाला आणि त्या दिवसापासून धावणे बंद झाले. पहिले तीन आठवडे तिने ताठ तळ असलेला वॉकिंग बूट वापरला, कारण साध्या चपलेत चवडा वाकतो आणि प्रत्येक वाकण्याने चीर ताणली जाते. बूट घालून चालताना दुखत असेल तर कुबडीही घ्यावी लागते. दुखेल तेवढे चालायचे नाही, इतका साधा नियम या काळात पुरतो. लोकलच्या जिन्यांवरून रोज चढ-उतार करणाऱ्या माणसाला हा नियम पाळणे सोपे नाही, म्हणून शक्य असेल तर पहिले दोन आठवडे घरून काम करण्याची सोय मागून घेणे शहाणपणाचे. चौथ्या आठवड्यात, चालताना दुखणे पूर्ण थांबल्यावर, ती जाड आणि ताठ तळाच्या बुटांवर आली. दम टिकवण्यासाठी याच काळात पोहणे आणि स्थिर सायकल चालवणे चालते. मात्र सायकलच्या पेडलवर चवडा न ठेवता पावलाचा मधला भाग ठेवावा आणि पोहताना भिंतीला पायाने रेटा देऊ नये. खोल पाण्यात कंबरपट्टा बांधून धावण्याच्या हालचाली करता आल्या तर तो सगळ्यात जवळचा पर्याय आहे, कारण त्यात जमिनीचा धक्का मुळीच नसतो.

विश्रांतीचे हे आठवडे कारण शोधण्याचेही असतात. हाड भरायला ऊर्जा लागते. धावणे वाढवूनही खाणे तेवढेच राहिले, किंवा वजन उतरवण्यासाठी मुद्दाम कमी केले, तर शरीर प्रजनन आणि हाडबांधणी यांवरचा खर्च आधी कापते. बायकांमध्ये पाळी लांबणे किंवा सलग तीन महिने न येणे ही त्याची ठळक खूण आहे आणि तिला ‘सरावामुळे होतेच’ म्हणून सोडून देणे अतिशय चुकीचे आहे. पुरुषांमध्ये अशी दिसणारी खूण नसते, पण त्यांच्यातही टेस्टोस्टेरॉन घटून हाडे पातळ होतात. ड जीवनसत्त्वाची पातळी रक्त तपासून पाहावी. पहाटे पाचला धावून दिवसभर कचेरीत बसणाऱ्या शहरी माणसाला धावण्यातून ऊन मिळाले असा समज असतो, पण पहाटेच्या आणि कोवळ्या उन्हात त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. कमतरता निघाल्यास मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ आणि नाचणी हे घरातले पदार्थ पुरेसे आहेत, आणि उपवास असतील तर त्या दिवसांत लांब धाव ठेवू नये. वर्षभरात दुसऱ्यांदा स्ट्रेस फ्रॅक्चर झाले तर हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्यावी.

परत धावण्याचा दिवस कॅलेंडरवरून ठरत नाही, तरी दांड्याच्या तड्यासाठी तो क्वचितच सहा आठवड्यांच्या आधी येतो. ठरवण्याच्या कसोट्या अशा. सलग पाच ते सात दिवस अर्धा तास झपझप चालूनही काहीच दुखत नाही. तो नाण्याएवढा बिंदू बोटाने जोरात दाबला तरी कळ येत नाही. त्या एका पायाच्या चवड्यावर वीस वेळा उंच होता येते. आणि मग, आता मात्र, एका पायावर दहा उड्या वेदनेशिवाय मारता येतात. चारांपैकी एकही कसोटी चुकली तर आणखी एक आठवडा थांबावे.

नमुन्यातल्या बाईला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या कसोट्या जमल्या. पहिल्या आठवड्यात तिने एक दिवसाआड, तीन वेळा, एक मिनिट हळू धावून तीन मिनिटे चालणे असे सहा फेरे केले. म्हणजे एका सकाळी धावणे फक्त सहा मिनिटांचे झाले. हे हास्यास्पद वाटण्याइतके कमी आहे, पण त्यामागे कारण आहे. हाडातल्या भार ओळखणाऱ्या पेशी एका सत्रात थोड्याच धक्क्यांनंतर प्रतिसाद देईनाशा होतात आणि पुन्हा जाग्या व्हायला त्यांना जवळजवळ दिवस लागतो. त्यामुळे थोडे धावून मध्ये सुट्टी दिलेले हाड एकदाच खूप धावलेल्या हाडापेक्षा चांगले बांधले जाते. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सहा फेरे, तिसऱ्यात चार मिनिटे धावून एक मिनिट चालण्याचे पाच, चौथ्यात सलग वीस मिनिटे, पाचव्यात पंचवीस आणि सहाव्यात तीस मिनिटे. सगळे सपाट, एकसारख्या रस्त्यावर. कडेला उतरता झालेला रस्ता टाळावा, कारण त्याने एका पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार सरकतो.

तिसऱ्या आठवड्यात तिला जुन्या जागेच्या आसपास पुन्हा दुखणे जाणवले. इथे दोन प्रकारचे दुखणे वेगळे ओळखावे लागते. पोटरी किंवा तळव्यातले पसरट अवघडलेपण दुसऱ्या दिवशी उतरत असेल, तर ते स्नायूंचे असते आणि सराव चालू ठेवता येतो. पण त्याच बिंदूवर बोट दाबल्यावर कळ आली तर धावणे तिथेच थांबवून दोन-तीन दिवस फक्त चालावे, कळ गेल्यावर एक पायरी मागे जाऊन पुन्हा सुरू करावे, आणि ती दुसऱ्यांदा आली तर डॉक्टरांना दाखवावे. तिच्या बाबतीत तळवा अवघडला होता, बिंदू शांत होता, म्हणून तिने पायरी बदलली नाही.

आता तारखा मांडल्या की एक कटू पण स्पष्ट उत्तर मिळते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास जानेवारीतला तो तिसरा रविवार येतो. त्या दिवशी ती सलग तीस मिनिटे धावू शकते, म्हणजे ४२.१९५ पैकी जेमतेम चार किलोमीटर. त्या शर्यतीत उतरणे म्हणजे भरत आलेल्या तड्यावर एका दिवसात पंचवीस हजारांहून अधिक धक्के देणे. अर्धी शर्यत चालत काढण्याचा विचारही याच कारणाने टिकत नाही. नाव रद्द होवो अथवा पुढच्या वर्षासाठी ढकलले जावो, त्या रविवारी धावायचे नाही हा निर्णय ऑक्टोबरच्या शेवटीच घेता येत होता. तो तेव्हा घेतला तर सुधारणेच्या काळातली घाई उरत नाही.

तीस मिनिटांच्या पुढे आधी दिवस वाढवावा, मग अंतर, आणि वेग सगळ्यांत शेवटी. दोन-तीन आठवडे आरामात अर्धा तास धावता आल्यावर चौथा दिवस जोडता येतो. लांब धाव आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवत न्यावी आणि दर चौथ्या आठवड्यात ती मुद्दाम कमी करावी, म्हणजे फेरबांधणीला मोकळीक मिळते. एकाच दिवसात नेहमीच्या सगळ्यात लांब धावेच्या खूप पुढे उडी मारणे हाच खरा धोका असतो. आठवड्याची बेरीज सांभाळून रविवारी दुप्पट धावणे सुरक्षित नाही. चढ-उतार आणि वेगाचा सराव महिना-दीड महिन्यानंतरच घ्यावा. पावलांची लय पाच ते दहा टक्के वाढवून पाऊल थोडे आखूड टाकले तर प्रत्येक धक्क्याचा जोर कमी होतो. धक्क्यांची संख्या वाढते खरी, पण हाडाची थकावट जोर वाढला की संख्येपेक्षा खूप झपाट्याने वाढते, म्हणून हा बदल फायद्याचा पडतो. पातळ तळाच्या बुटांची आवड असेल तर ती काही महिन्यांवर पसरवावी, आधी चालण्यात आणि मग छोट्या धावांत. आठवड्यातून दोनदा पोटरीचे आणि बोटे दाबण्याचे व्यायाम केले की थकव्याच्या वेळी हाडावर सरकणारा ताण उशिरा सरकतो.

या गतीने ती बाई फेब्रुवारीत पाच-सहा किलोमीटरवर, पावसाळा सुरू होईपर्यंत एकवीसच्या आसपास आणि सप्टेंबरमध्ये, जिथून गेल्या वर्षी उडी मारली होती त्याच महिन्यात, पूर्ण मॅरेथॉनच्या सरावाला पोहोचते. फरक इतकाच की आता तिच्या हाडाला सरावायला सहा-सात महिने मिळालेले असतात आणि लांब धाव एका महिन्यात पाचवरून एकवीसवर न्यावी लागत नाही.